केटलची तुलना: घड्याळ पुरत नाही

"दोन्ही केटल १५०० वॉटच्या, पाणी एकेक लिटर, मग वेळ मोजली की झालं," असं केटलची तुलना करून दाखवणारे म्हणतात.

नाही होत. घोडबंदरला आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी नळातूनच कोमट येतं, जानेवारीत गार. ३५ अंशांपासून उकळायला ६५ अंश चढायचे, २२ पासून ७८. म्हणजे तीच केटल थंडीत साधारण वीस टक्के जास्त वेळ घेणार. सुरुवातीचं तापमान थर्मामीटरने बघून सारखं करा, आणि दुसऱ्या फेरीआधी केटल पूर्ण गार होऊ द्या.

व्होल्टेज तर कुणी दाखवतच नाही! २३० चं २१५ झालं की ताकद जवळपास १३ टक्के घटते. प्लगला लावायचा एनर्जी मीटर घ्या, वेळेसोबत खर्च झालेली वीजही दाखवा. व्होल्टेज पडलं तरी तो आकडा फारसा हलत नाही, आणि घेणाऱ्याला बिल त्याचंच येतं.