मदत हवी आहे: दौंडला इंजिन फिरल्यावर नगरला एस२ कुठे लागेल?

शिवारातला: आईला नगरहून मनमाडच्या दिशेने जायचंय, गाडी पुण्याहून येते आणि रिझर्वेशन एस२ चं आहे. ॲपवर पुण्याची कोच पोझिशन दिसते, त्यात एस२ इंजिनापासून चौथा आहे आणि गाडी एकूण २२ डब्यांची आहे. दौंडला इंजिन फिरतं म्हणतात, मग नगरला आईला कुठे उभं करू? तिचे गुडघे दुखतात आणि हॉल्ट अगदी थोडा आहे, त्यामुळे पळापळ अजिबात नको.

खिडकीपाशी: दौंडला डब्यांची उलटापालट करतात, त्यात वेळ जातो. एस२ शेवटी जाईल.

लोकोशेड: डबे जागचे हलत नाहीत हो, फक्त इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी आली त्याच दिशेने परत निघते. मनमाडची लाईन दौंडला पुण्याच्याच बाजूने फुटते ना, म्हणून. आता हिशोब असा, एकूण डब्यांत एक मिळवा आणि जुना नंबर वजा करा. २२ अधिक १ म्हणजे २३, त्यातून ४ गेले, म्हणजे नगरला एस२ इंजिनापासून एकोणिसावा. पंधरा डब्यांचा फरक पडला, एलएचबी डबा साधारण २४ मीटरचा धरला तर ३६० मीटर, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला हॉल्टमध्ये जमणारच नाही. मोजताना इंजिन धरू नका, ॲपवर तेही चौकटीत दाखवतात आणि तिथेच एकाचा घोळ होतो.

प्रवासी_सोलापूर: मी सोलापूरहून दौंडमार्गे मनमाडला जातो, माझा डबा कधीच उलटा आला नाही. उगाच घाबरवू नका.

लोकोशेड: सोलापूरकडून आलं की गाडी सरळ जाते, इंजिन फिरवावं लागत नाही. प्रश्न पुण्याच्या गाडीचा आहे. आणि शिवारातला, आधी हॉल्टची यादी बघा. दौंड जंक्शन लिहिलंय की दौंड कॉर्ड लाईन? कॉर्डवरून गेली तर इंजिन फिरतच नाही आणि एस२ चौथाच राहतो.

शिवारातला: आत्ता बघितलं, दौंड जंक्शनच आहे. आणि परत येताना? पुन्हा उलटं धरायचं का?

खिडकीपाशी: हो, तेव्हा सगळं बरोबर उलट.

लोकोशेड: इंजिनापासूनचा नंबर उलट होतो, ते बरोबर. पण तोच रेक तसाच परत आला तर नगरच्या प्लॅटफॉर्मवर एस२ मनमाडहून येतानाही त्याच टोकाला लागेल, कारण इंजिन आता दुसऱ्या टोकाला असतं. म्हणून इंजिनावरून नको, मनमाडचं टोक की दौंडचं टोक असं लक्षात ठेवा. जाताना आईला दौंडच्या टोकाकडे उभं करा.

शिवारातला: हे एकदम पटलं, आभार. पण सुट्टीत जादा डबा लावला तर?

लोकोशेड: पुण्याहून निघताना मागे लावला तर एस२ नगरला विसावा होईल, पुढे लावला तर एकोणिसावाच. कुठे लावतात ते मात्र आदल्या दिवशी कळेलच असं नाही, चार्ट झाल्यावर पुन्हा बघा.