मदत हवी आहे: वारसाने आलेल्या जुन्या रायफलीवरचे शिक्के कसे वाचायचे?

मनाली_वाळपई
नमस्कार. माझे सासरे, आमचे तात्या, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावावर एक जुनी रायफल होती, ती सध्या पोलीस स्टेशनात जमा आहे. वारस म्हणून माझ्या नवऱ्याच्या नावे लायसन्ससाठी अर्ज करायचाय आणि त्यात बंदुकीचा प्रकार, बोअर आणि बनावट लिहावी लागते. तात्यांच्या जुन्या लायसन्सवर नुसतं "रायफल, एक" एवढंच आहे. तपासणीसाठी गनस्मिथला बोलवायचंय, त्याआधी थोडं तरी कळावं म्हणून विचारतेय. हवालदारांच्या समोर फोटो काढू दिले. दिसलं ते असं:

नळी जिथे लोखंडी डब्यात शिरते तिथे वरच्या बाजूला मुकुट, त्याखाली इंग्रजी एल आणि एक उभी रेघ. डाव्या बाजूला पुसट अक्षरं, त्यातली एस टी ई व्ही आर एवढी लागतात, पुढे १८८६. बोल्टवर वेगळा आकडा आहे, तो १७ने सुरू होतो. म्हणजे बंदूक सतराशे सालातली का? दस्त्यावर दोन गोल छाप आहेत, अगदी झिजलेले.

रॉबर्ट_मडगाव
मुकुट आहे म्हणजे ब्रिटिश. ३०३ असणार, ली-एनफील्ड. गोव्याच्या सीमेवरून अशा बऱ्याच आल्या असतील. जपून हां, ३०३ हा प्रोहिबिटेड बोअर आहे, लायसन्सला त्रास होतो.

जुनंलोखंड
रॉबर्टबाब, ३०३ प्रोहिबिटेड हे बरोबर, पण मुकुट काही ब्रिटिशांनीच घेतलेला नाही. ली-एनफील्डवर मुकुट असतो तो उजव्या बाजूला, दस्ता बारीक होतो तिथल्या लोखंडी पट्टीवर. त्याखाली राजाची अक्षरं, मग कारखान्याचं नाव आणि साल. यांचा मुकुट आहे नळीच्या बुडावर.

मनालीताई, तुमच्या फोटोत व्ही नाही, वाय आहे. वायचं शेपूट झिजलंय. शब्द स्टायर, ऑस्ट्रियातलं गाव, तिथला शस्त्रांचा कारखाना जुना आणि मोठा. एल आणि रेघ म्हणजे लुईस पहिला, पोर्तुगालचा राजा, १८६१ ते १८८९. त्याच्या काळात पोर्तुगालने १८८६ साली क्रोपाचेक नावाची आठ मिलिमीटरची रायफल घेतली आणि ती स्टायरलाच बनवून घेतली. राजाचं अक्षर आणि साल एकमेकांना जुळतात. अक्षर सी असतं तर राजा कार्लोस पहिला, मग काळ १८८९ ते १९०८. त्याच्या काळातली १९०४ ची माउझर-व्हर्गेरो बर्लिनला बनायची, साडेसहा मिलिमीटरची. १९१०मध्ये राजेशाहीच गेली, त्यानंतर मुकुट कसला ठोकणार.

बोल्टवर आहे तो सालाचा आकडा नाही, नंबर आहे. तो इथे पूर्ण टाकू नका, फोटोतही झाका.

एक खात्री करून घ्या. नळीच्या तोंडाखाली, लाकडाच्या टोकाशी, आणखी एका नळीचं बंद टोक दिसतं का?

मनाली_वाळपई
दिसतं! मला वाटलं साफसफाईची सळई ठेवायची जागा.

जुनंलोखंड
मग क्रोपाचेकच. ती नळी म्हणजे तिचं मॅगझिन. लाकडात एकामागे एक आठ काडतुसं बसतात, स्प्रिंग त्यांना मागे ढकलते.

आणि म्हणूनच एक गोष्ट ठाण्यात आजच सांगा. बोल्ट उघडून आत बघितलं, काडतुसाचं घर रिकामं दिसलं, म्हणजे बंदूक रिकामी असं या रायफलीत म्हणता येत नाही. बाजूला एक छोटी कळ असते, ती लावलेली असली की नळीतली काडतुसं वर येतच नाहीत, आणि कळ सरकली की येतात. पंचवीस-तीस वर्षं कुणी हात लावला नसेल तर स्प्रिंग गंजून अडकलेलीही असू शकते. कुणाला खटखट करून बघू देऊ नका. रिकामी असल्याची खात्री गनस्मिथने किंवा पोलिसांच्या आर्मररने करायची. जमा करताना कुणी नळी तपासली होती का, तेही विचारा.

केपेंतला_शेतकरी
माझी केपाची ठासणीची बंदूक आहे, रानडुकरांसाठी, पीकसंरक्षणाचं लायसन्स. दर निवडणुकीला जमा करायची, मग परत आणायची, त्यात नळीवर गंज चढतो. तो सँडपेपरने घासला तर नंबर जातो का? यांना पण तोच प्रश्न असावा.

जुनंलोखंड
भाऊ, तुमची ठासणीची, त्यांची काडतुसाची, पण सँडपेपर दोघांनीही नको. गंजाबरोबर अक्षराची कडही जाते आणि नंबर पुसट झाला की तो कुणी मुद्दाम खरवडलाय असा संशय येतो. मऊ फडक्याला थोडं तेल, एवढंच.

मनालीताई, पुढच्या वेळी मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ लोखंडाला टेकवून धरा. खोदलेल्या अक्षरात सावली पडते आणि जे समोरून दिसत नाही ते दिसतं. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली तरी ठसा उतरतो, दस्त्यावरच्या छापांना ते बरं.

अण्णा_डिचोली
स्टायर, आठ मिलिमीटर. मग तर सोपं आहे, सरकारी कारखान्याचं ३१५ वापरता येईल. ३१५ पण आठ मिलिमीटरच आहे आणि तो बोअर लायसन्सला चालतो.

जुनंलोखंड
अण्णा, अर्धं खरं आहे म्हणून जास्त धोका आहे. ३१५चं काडतूस म्हणजे जुनं ऑस्ट्रियन मानलिखर, त्याची केस पन्नास मिलिमीटर लांब. क्रोपाचेकची साठ. गोळीचा व्यास सारखा वाटतो म्हणून लोक घालून बघतात. शिवाय १८८६ची ही रायफल काळ्या दारूसाठी बांधलेली आहे. बिनधुराच्या दारूचा दाब वेगळा असतो. "जातंय ना आत" ही परीक्षा नव्हे.

अर्जात "३१५" लिहायचा मोह अजिबात नको. शिक्क्यांवरून तुम्हाला कारखाना, साल आणि नमुना कळला. आत्ता नळी काय आहे ते शिक्का सांगत नाही, कारण मधल्या काळात कुणी नळी बदललेली असू शकते. गनस्मिथला चेंबरचा, म्हणजे काडतुसाच्या घराचा, साचा घ्यायला सांगा आणि तेच माप अर्जात लिहा.

मनाली_वाळपई
आज परत जाऊन आले. नळी तपासल्याची नोंद नाही म्हणाले, आर्मररला बोलावतायत. टॉर्च बाजूने धरून बोल्टचा आणि डब्याचा नंबर दोन्ही वाचले. शेवटचे दोन आकडे जुळत नाहीत.

अण्णा_डिचोली
१८८६ची आहे ना, मग पुरातन वस्तू. लायसन्सच लागत नाही.

जुनंलोखंड
शस्त्र कायद्याच्या कलम ४५मधली सूट नुसत्या वयावर मिळत नाही. जुन्या धर्तीची किंवा मोडकी असली तरी दुरुस्ती करून वा न करता ती बंदूक म्हणून वापरता येत नसेल, तेव्हाचं ते कलम आहे. यांची वापरता येईल की नाही हे बघितल्याशिवाय मी सांगणार नाही आणि इथे बसून कुणीच सांगू नये.

नंबर न जुळणं वाईट नाही, ताई. सैन्याच्या दुरुस्तीखात्यात दहा बोल्ट काढले की तेच दहा त्याच बंदुकांत परत जातील असं नाही. पण बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर तो नीट बसतो का, हे मोजून बघावं लागतं. नळीचा नंबर लाकडाखाली असेल तर दस्ता गनस्मिथच उतरवू दे. जुने स्क्रू चुकीच्या पेचकसाने एकदा खराब झाले की संपलं.

मनाली_वाळपई
अर्जात सध्या "स्टायर, १८८६, बोअर तपासणीनंतर" असं लिहू का, की तो रकाना रिकामा ठेवू?

रॉबर्ट_मडगाव
रिकामा रकाना असला की अर्ज परत येतो, हे मी स्वतः पाहिलंय. खिडकीवरच्या माणसाला आधी विचारा.