मदत हवी आहे: २ किलो स्ट्रॉबेरीच्या जॅमला किती बरण्या, आणि कोणत्या मापाच्या?

अर्धाचमचा:
येत्या शनिवारी जॅम करायचा आहे. २ किलो स्ट्रॉबेरी, दीड किलो साखर, दोन लिंबांचा रस. प्रश्न बरण्यांचा आहे.

गेल्या वर्षी हेच प्रमाण होतं. मी साधा हिशेब केला: फळ आणि साखर मिळून साडेतीन किलो, घरात मधाच्या "५०० ग्रॅम" लिहिलेल्या रिकाम्या बरण्या, म्हणजे सात लागतील. सातही धुऊन ओव्हनमध्ये गरम करून ठेवल्या. भरल्या पाच. सहावीत अर्ध्याच्या थोडा वर जॅम आला आणि सातवी तशीच राहिली. ती अर्धवट बरणी बाकीच्यांबरोबर फडताळात ठेवली. तीन आठवड्यांनी उघडली तर वर पांढरी-हिरवी बुरशी! बाकीच्या पाच उत्तम टिकल्या.

घरात आम्ही दोघंच. थोडा जॅम चार घरी द्यायचाही आहे. यंदा बरण्या नव्या घेणार आहे, तर किती आणि केवढ्या घेऊ?

खमंग:
सोपं आहे हो. फळ अधिक साखर, त्याच्या ७० टक्के जॅम होतो. साडेतीन किलोचा अडीच किलो धरा. अर्ध्या किलोच्या पाच बरण्या आणा, विषय संपला. मी वर्षानुवर्षं असंच करते.

मोजपट्टी:
खमंगताई, अडीच किलो बरोबर आहे, पण ७० टक्के दर वेळी नाही चालत. जॅम किती होणार हे मुख्यतः साखरेवर ठरतं. फळातलं पाणी उडत जातं, साखर कुठे जात नाही. नीट आळलेल्या जॅममध्ये साधारण दोन तृतीयांश साखर असते, तीत फळाची स्वतःचीही आली. म्हणून घातलेल्या साखरेला ६ ने भागून १० ने गुणायचं. दीड किलोचे अडीच किलो. तुमचं उत्तर इथे जुळलं, कारण यांची साखर फळाच्या पाऊणपट आहे. याच स्ट्रॉबेरीत एक किलोच साखर घातली तर तितकाच घट्ट होईपर्यंत आटवून पावणेदोन किलोच्या आसपास जॅम उरेल. ७० टक्क्यांनी तुम्ही २१०० ग्रॅम धरून बसाल.

अर्धाचमचा, तुमची चूक दुहेरी होती. एक तर आटणं धरलं नाही. दुसरं, मधाच्या बरणीवरचे ५०० ग्रॅम हे मधाचं वजन. मध पाण्यापेक्षा बराच जड, त्यामुळे ती बरणी जेमतेम ३५० मिलिची असते. खात्री करायची तर रिकामी बरणी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलि.

अर्धाचमचा:
आत्ताच करून पाहिलं. ३५४ ग्रॅम! आणि मी ती अर्ध्या लिटरची समजून चालले होते.

मोजपट्टी:
मग पुढचं बघा. वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडली की तीत ३३५ मिलि राहतं. जॅमच्या एका मिलिचं वजन सुमारे १.३ ग्रॅम, म्हणजे एका बरणीत ४३५ ग्रॅम जॅम. अडीच किलोला भागा: पावणेसहा बरण्या. तुमच्या पाच भरल्या आणि सहावी अर्ध्याच्या वर गेली, ती याचमुळे.

यंदाचा अडीच किलो म्हणजे १.९ लिटर. चाखणं, फेस काढणं, पातेल्याला चिकटणं यांत थोडा जाईल, १८५० मिलि धरा.

दादरा:
लोणच्याला चिनी मातीचीच बरणी घ्या, काचेची नको. आणि मोठी घ्या, छोट्यांचा पसारा कशाला? मी दोन किलो लिंबांचं लोणचं तीन बरण्यांत काठोकाठ भरलं होतं. पहिल्या चार दिवसांत खार झाकणाखालून ओघळला, आणि पंधरवड्याने बघतो तर तिन्ही बरण्या पाव रिकाम्या, वरच्या फोडी कोरड्या.

खमंग:
दादरा, प्रश्न जॅमचा आहे. 🙂

मोजपट्टी:
असू द्या, बरण्यांचाच मुद्दा आहे. काकांच्या लोणच्याचं उलटं गणित आहे. जॅम भरताना जेवढा, तेवढाच राहतो. लिंबाला मीठ लागलं की पाणी सुटतं आणि फोडी मऊ होऊन खाली बसतात. म्हणून लोणचं आधी एकाच मोठ्या बरणीत, वर चार बोटं जागा सोडून मुरू द्यायचं. फोडी बसल्या की मग लहान बरण्यांत काढायचं, फोडी खाराखाली राहतील असं. तेव्हाच बरण्या मोजायच्या. आतून लेप नसलेलं पत्र्याचं झाकण मात्र नको, मीठ आणि आंबटाने गंजतं. काच चांगलीच, काका.

आता जॅम. दोघं मिळून रोज दोन मोठे चमचे खात असाल तर ते ३० मिलि. २५० मिलिची बरणी आठ दिवसांत संपते, अर्ध्या लिटरची दोन आठवडे उघडी राहते, रोज ओला चमचा आत-बाहेर. शिवाय मोठी बरणी मधोमध तासन्‌तास गरम राहते, तिथे रंग काळपट होतो. मी असं घेईन: २५० मिलिच्या सहा, प्रत्येकी २३५ भरून १४१० मिलि. उरलेल्या ४४० ला १२० मिलिच्या चार, द्यायला. शिवाय १२० ची एक जादा, गरम करून तयार. शेवटचं जे उरेल ते तिच्यात. ती भरली नाही तर फडताळात नाही, थेट फ्रिजमध्ये, आणि आधी तीच संपवायची.

अर्धाचमचा:
पण जॅम आळून खरंच १.९ लिटरवर आला हे कळणार कसं? मी बशीवर थेंब टाकून बघते, पण गेल्या खेपेला घाईच झाली, जरा पातळ राहिला.

मोजपट्टी:
पातळ राहिला तर बरण्या जास्त लागतात, हेही आलंच. आदल्या दिवशी जॅमच्याच पातेल्यात १.९ लिटर पाणी ओता. लाकडी उलथणं सरळ उभं धरा आणि पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा. शनिवारी जॅम खुणेजवळ आला की आच बंद करा, बुडबुडे बसू द्या, मग उलथणं उभं करून बघा. उकळताना बघितलं तर फेसामुळे दोन बोटं जास्तच दिसतं. थेंबाची परीक्षा सोडू नका, ही तिच्या जोडीला.

खमंग:
खूण करायची कल्पना झकास. पण पाहुण्यांना १२० मिलि देणं मला बाई चिंगूसपणाचं वाटतं. आणि बरणी भरल्यावर पाच मिनिटं उलटी ठेवायला सांगा तिला.

मोजपट्टी:
उलटी नको. उकळता जॅम झाकणाच्या कडेला येऊन गळतो, झाकण नीट बसत नाही.

खमंग:
माझ्या एकाही बरणीचं बिघडलेलं नाही.

अर्धाचमचा:
सहा मोठ्या, पाच लहान घेते. उलटसुलटाचं तुम्ही दोघं ठरवा, मी यंदा निम्म्या उलट्या ठेवून बघते. आणि एक विचारायचं राहिलं: यातली अर्धा किलो स्ट्रॉबेरी फ्रीझरमधली आहे. तिचं सुटलेलं पाणी वेगळं काढू की पातेल्यातच घालू?

मोजपट्टी:
पातेल्यातच घाला, स्वाद त्यातच असतो. आटायला वेळ जास्त लागेल. बरण्या तेवढ्याच.