अनुभव धागा : आयत्या वेळी भेट पुढे ढकलताना

ठाणे-नवी मुंबईत कामाची भेट म्हणजे अर्ध्या तासाचं बोलणं आणि त्यापायी दोन-तीन तासांची ये-जा. अशी भेट ऐनवेळी रद्द करावी लागली, किंवा तुमची कुणी केली, तर समोरच्याचा वेळ कसा सांभाळला गेला? खरे अनुभव लिहा. उपदेश नकोत, ते ऑफिसात रोज मिळतात.

ऐरोलीकर
साहेबांच्या भेटीगाठी ठरवणं हेच माझं काम. मी भेटीच्या वेळेपासून नाही, समोरचा घर कधी सोडणार तिथपासून उलटं मोजते. मागे अकराला भेट होती, येणारे गृहस्थ बदलापूरचे. म्हणजे नऊला घराबाहेर, पाऊण तास लोकल, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी. दहाला फोन केला तर आपल्या हिशेबाने 'तासभर आधी' कळवलं, पण ते तोवर ठाण्यात पोचलेले.

सकाळी आठला साहेबांचा निरोप आला की मुख्यालयाचा कॉल अकराच्या पुढे लांबू शकतो. नक्की काहीच नव्हतं. तरी सव्वाआठला फोन केला : "सर, अकराचं अजून पक्कं नाही. पावणेनऊपर्यंत नक्की सांगते, तोवर निघू नका." पावणेनऊला नाहीच जमत असं कळलं. मग दुसरा फोन, एका वाक्यात कारण, आणि दोन ठरावीक वेळा : उद्या चारला इथे, नाहीतर परवा साडेदहाला साहेबच कल्याणला येतील, म्हणजे त्यांना जवळ. त्यांनी कल्याण निवडलं. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं की तारीख जुळवायचं काम आपण त्यांच्याच गळ्यात मारतो.

फोननंतर तेच लेखी पाठवायचं, आणि कॅलेंडरमधलं जुनं आमंत्रण न उडवता तेच पुढे सरकवायचं. गूगल कॅलेंडर विचारतं तेव्हा घाईत Don't send दाबलं, तर बदलाचा मेल जातच नाही. खोली वेगळ्या नोंदवहीत असेल तर तीही बदलायची, आणि गेटवरचा पाससुद्धा.

खारघर_सेक्टर
एवढे फोन कशाला? व्हॉट्सॲप टाकायचं, निळ्या टिका आल्या की विषय संपला. सकाळी सकाळी फोन हाच उलट त्रास.

ऐरोलीकर
ज्याला फोन आवडत नाही त्याला मेसेज, मान्य. आणि दोन दिवस आधी कळवायचं असेल तर मेसेज पुरतो. पण काहींनी निळ्या टिका बंदच ठेवलेल्या असतात, आणि राखाडी दोन टिका म्हणजे फोनवर पोचला, वाचला असं नाही. डोंबिवलीला गर्दीत चढणारा माणूस खिशातून फोन काढेल कसा? तासा-दोन तासांवर आलेल्या भेटीला उत्तर येईपर्यंत काम संपलं असं मी धरत नाही.

कळवा_नाका
माझ्या भाचीचा बघण्याचा कार्यक्रम मुलाकडच्यांनी पोहे भिजवल्यावर रद्द केला. हे चालेल का धाग्यात? कारण "पाहुणे आले". आमच्याकडेही पाहुणेच येणार होते की!

घोडबंदर_इंटिरियर
मी दुसऱ्या बाजूचा. साइटवर माप घ्यायला जाताना सुतार सोबत असतो, त्याची हजेरी मलाच द्यावी लागते. वाघबीळच्या एका ग्राहक बाईंनी आम्ही माजिवड्याला अडकलेलो असताना फोन केला : सासूबाईंना दवाखान्यात नेतेय. माफी एकदाच मागितली, लांबण लावली नाही. मग थेट विचारलं, "सुताराची आजची हजेरी किती? ती मी देते. आणि परत कधी यायचं ते तुम्ही सांगा." मी अर्धीच घेतली, कारण दुपारी दुसरं काम लागलं. नंतर तिचं काम मी आधी धरलं, हे कबूल करायला हरकत नाही.

वाशीकर
कारण सांगावं का? मी "अपरिहार्य अडचण" एवढंच लिहितो. घरातलं दुखणं कशाला मांडायचं?

घोडबंदर_इंटिरियर
दुखण्याचं नाव नको, पण "घरी आजारपण" एवढं तरी लिहा. "अपरिहार्य" वाचलं की मला वाटतं दुसरा स्वस्तातला कंत्राटदार मिळाला.

ऐरोलीकर
खोटं कारण तेवढं नको. एकाच इमारतीत चहाच्या टपरीवर गाठ पडते. आणि तीच भेट दुसऱ्यांदा ढकलायची वेळ आली तर मी फोन करत नाही, साहेबांनाच करायला लावते. माझ्या तोंडून दुसऱ्यांदा "सॉरी" गेलं की समोरच्याला आपण खालच्या यादीत आहोत असंच वाटतं.

वाशीकर
आणि माणूस ठाण्याला पोचलेलाच असेल तर? परत जा म्हणणार?

ऐरोलीकर
त्यालाच विचारते. साहेबांच्या जागी त्या विषयातलं दुसरं कुणी चालेल का, की वीस मिनिटांची भेट दुपारी इथेच करू, की आज नकोच. बहुतेक जण दुसऱ्या माणसाला भेटून जातात. पण कुणी टॅक्सीचं भाडं मागितलं, तर आमच्याकडे ते द्यायला खातंच नाही. साहेब कधी खिशातून देतात, कधी नाही.

खारघर_सेक्टर
भाडं कंपनीनेच द्यायला हवं. कुणाच्या ऑफिसात रीतसर मिळतं का?