मदत हवी आहे: जुनं मायक्रोसॉफ्ट खातं बंद करताना ऑफिसचं काय होईल?

नमस्कार मंडळी. माझी मायक्रोसॉफ्टची दोन खाती आहेत, त्यातलं जुनं बंद करायचंय. पण एकदाच पैसे भरून घेतलेलं ऑफिस 2021 त्याच खात्यावर आहे. ते नव्या खात्यावर नेता येतं का, की खात्याबरोबर तेही जाणार?

वनड्राइव्हमधले आईबाबांचे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतेय. नुसतं ढगाचं चिन्ह असलेली फाइल लॅपटॉपवर नसतेच, हे आत्ता कळलं! बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवलीय.

बंद करताना 30 किंवा 60 दिवसांची मुदत निवडता येते, तेवढ्यात परत लॉगिन केलं की खातं वाचतं. पण चालू वर्गणी आधी वेगळी रद्द करावी लागते ना? कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सांगा, फोटोंची फार धास्ती वाटतेय.