मदत हवी आहे: हात कणकेत असताना फोनला सांगितलेलं कधी वाजतं, कधी वाजतच नाही

डबे_विश्रामबाग
नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते. कॉलेजच्या मुलांचे चौदा डबे करते आणि साडेआठच्या आत सगळे निघावे लागतात. पहाटे पाचपासून माझे हात कणकेत नाहीतर मसाल्यात असतात, म्हणून फोन ओट्याच्या कोपऱ्यात उभा करून ठेवते आणि तोंडानेच त्याला वेळ सांगते.

गेल्या आठवड्यात तीन वेळा असं झालं. कुकरची पहिली शिट्टी झाली, गॅस बारीक केला आणि फोनला म्हटलं, "दहा मिनिटांनी गॅस बंद करायची आठवण कर." त्याने स्पष्ट आवाजात हो म्हटलं. मी पोळ्या लाटायला घेतल्या आणि पुढे काही वाजलंच नाही. मंगळवारी तर तुरीची डाळ तळाला लागली. वास आला तेव्हा घड्याळ बघितलं, पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. दुसरी डाळ लावली, डबे नऊला गेले. दोन मुलं न जेवताच प्रॅक्टिकलला गेली, त्याचं मला फार लागलं.

अंड्यांचं मात्र हमखास वाजतं. फोन अँड्रॉइड आहे, दोन वर्षं जुना, असिस्टंटची भाषा मराठी. अलार्मचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला आहे. पहाटे लेक झोपलेली असते म्हणून फोन व्हायब्रेटवर ठेवते, पण साडेचारचा अलार्म व्हायब्रेटवर असतानाही वाजतो, म्हणजे ते कारण नसावं. मग अडतंय कुठे?

मिरज_जंक्शन
ताई, फोन तुमचा आवाज नीट ओळखत नसणार. सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची ओळख पुन्हा शिकवा. मी शिकवली तेव्हापासून मिक्सर चालू असतानाही ऐकतो.

डबे_विश्रामबाग
दादा, ऐकतो तो. उत्तरही देतो. दहा मिनिटांनी वाजत नाही, एवढाच प्रश्न आहे.

मिरज_जंक्शन
अच्छा. मग आवाजाचं बघा. बाजूचं बटण दाबल्यावर बहुतेक फोनवर गाण्यांचा आवाज कमीजास्त होतो, अलार्मचा नाही. असिस्टंटचं बोलणंही साधारण गाण्यांच्याच आवाजात येतं. म्हणून उत्तर मोठ्याने ऐकू आलं तरी घंटा मोठी वाजेलच असं नाही. अलार्मची पट्टी वेगळी असते, ती वाढवा.

वाईकर_काका
मिरजकर म्हणताहेत ते खरं आहे, पण ताईंनी अलार्मची पट्टी आधीच पूर्ण ठेवली आहे. ताई, एक सांगा. अंडी उकडायला ठेवता तेव्हा नेमकं काय म्हणता? एकही शब्द न बदलता सांगा.

डबे_विश्रामबाग
"आठ मिनिटांचा टायमर लाव." रोज हेच.

वाईकर_काका
मग सापडलं. डाळीला "आठवण कर" म्हणता आणि अंड्यांना "टायमर लाव". आपल्याला दोन्ही एकच वाटतात, पण फोन त्यांना दोन वेगळ्या ठिकाणी पाठवतो.

टायमर जातो घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये. तो अलार्मच्या आवाजाने वाजतो, म्हणून फोन व्हायब्रेटवर असला तरी ऐकू येतो आणि आपण थांबवेपर्यंत वाजत राहतो. आठवण तिकडे जातच नाही. 2023 पासून गूगल असिस्टंटला सांगितलेली आठवण गूगल टास्क्समध्ये नोंदली जाते. वेळ झाली की तिथून फक्त नोटिफिकेशन येतं, मेसेज आल्यावर येतं तसंच. एकदा टिंग झालं की संपलं. आणि फोन व्हायब्रेटवर असेल तर तेवढंही नाही, नुसता थरथरणार. कढईत फोडणी तडतडत असताना ती थरथर कोणाला कळणार?

तपासणं सोपं आहे. गूगल टास्क्स अ‍ॅप उघडा. माझा अंदाज बरोबर असेल तर "गॅस बंद कर" अशा तीन नोंदी तिथे पूर्ण न झालेल्या पडून असतील.

डबे_विश्रामबाग
काका, टास्क्स फोनमध्ये नव्हतंच, आता उतरवून घेतलं. तीन नाही, अकरा नोंदी आहेत! "गॅस बंद कर" सात वेळा, "दूध बघ" तीन वेळा आणि "विरजण फ्रीजमध्ये ठेव" एकदा. म्हणजे वाजलं नाही ते माझ्या लक्षात आलेल्याहून जास्त वेळा. दूध आजवर उतू गेलं नाही ते मी शेजारीच उभी होते म्हणून.

पलूसची_लेक
मला एक कळत नाही. माझ्याकडे अलेक्साचा स्पीकर आहे, हिंदीत बोलते मी त्याच्याशी. त्याला आठवण करायला सांगितलं तर वेळ झाल्यावर तो मोठ्याने बोलून सांगतो, तेही दोनदा. मग आठवण वाईट कशी?

वाईकर_काका
वाईट नाही. स्पीकरवर आठवण बोलून दाखवली जाते आणि फोनवर नोटिफिकेशन येतं, एवढा फरक आहे. पण तुमच्या स्पीकरवरही आठवण दोनदा बोलून गप्प बसते. त्या क्षणी तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत असाल तर गेली. टायमर तिथेही बंद करेपर्यंत वाजतो. म्हणून चुलीवर काहीही असेल तर आठवण नको, टायमरच. आठवण कशाला चालते? मंडईतून येताना आलं आणायचं, गॅसचा नंबर लावायचा. चार मिनिटं उशीर झाला तरी काही जळत नाही अशा कामांना.

अजिंक्यतारा_७
साताऱ्याहून लिहितोय. माझ्या आईची रात्री नऊची बीपीची गोळी असते, तिला कमी दिसतं. मी तिच्या फोनवर आठवणच लावून ठेवली आहे. म्हणजे तीही चुकते का? आई म्हणते वाजतं, पण मागच्या महिन्यात दोन पाकिटांत मिळून चार गोळ्या जास्त उरल्या.

वाईकर_काका
टिंग होत असेल, पण त्या वेळी आई टीव्हीसमोर असतील तर ऐकू कसं येणार? तुम्ही "रोज रात्री नऊ वाजता अलार्म लाव" असं सांगा, आणि नंतर घड्याळाचं अ‍ॅप उघडून तो रोजचाच लागला आहे ना ते डोळ्यांनी बघा. "रात्री" हा शब्द गाळू नका. नुसतं "नऊ वाजता" म्हटलं तर सकाळचे नऊही लागू शकतात.

अजिंक्यतारा_७
आजच करतो. पण दोन गोळ्या आहेत, सकाळची वेगळी आणि रात्रीची वेगळी. अलार्मला नाव दिलं तरी ते पडद्यावरच येणार, आईला वाचता येत नाही. वाजलं ते कशासाठी, हे तिला कळायचं कसं?

मिरज_जंक्शन
प्रत्येक अलार्मला वेगळी धून देता येते घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये. सकाळला एक, रात्रीला दुसरी. आठ दिवस सवय करून घ्या.

डबे_विश्रामबाग
मंडळी, दोन दिवस करून बघितलं, ते सविस्तर लिहिते.

सव्वापाचला तुरीच्या डाळीची पहिली शिट्टी झाली, गॅस बारीक केला आणि म्हटलं, "डाळीचा दहा मिनिटांचा टायमर लाव." मग भात चढवला, "भाताचा बारा मिनिटांचा टायमर लाव." मधे बटाटे उकडायला ठेवले, तिसरा टायमर. डाळीचा बरोबर दहा मिनिटांनी वाजला, पोळी तव्यावर असताना स्वच्छ ऐकू आला. डाळ अगदी मऊ शिजली, तळाला काही नाही. फोन व्हायब्रेटवरच होता.

दुसऱ्या दिवशी घाईत सवयीने पुन्हा "आठवण कर" तोंडात आलं. पण आता मी उत्तर लक्ष देऊन ऐकते. त्यात टायमर हा शब्द नव्हता, म्हणून लगेच पुन्हा सांगितलं. आधी मी नुसता होकार ऐकून पाठ फिरवत होते.

दोन गोष्टी राहिल्या. एक, तिन्ही टायमर वाजतात एकाच आवाजात, कुठला वाजतोय ते बघायला पडद्यावर वाकावं लागतं. दुसरं, "पाऊण तासाचा" म्हटलं तर एकदा बरोबर लागला आणि एकदा त्याने भलतंच काहीतरी शोधून दाखवलं.

पलूसची_लेक
माझ्या नणंदेच्या फोनवर पाऊण तास, दीड तास सगळं चालतं बघा. अडीच मिनिटंसुद्धा.

वाईकर_काका
माझ्याकडे दीड कळतं, पाऊणचा भरवसा नाही. फोनागणिक फरक पडतो. म्हणून मी सरळ "पंचेचाळीस मिनिटांचा" म्हणतो. नाव असलेले टायमरही सगळ्या फोनांत नीट येत नाहीत. काही कंपन्यांचं स्वतःचं घड्याळाचं अ‍ॅप असतं, त्यात एका वेळी एकच टायमर मावतो. तुमच्याकडे तिन्ही चालले, म्हणजे तो प्रश्न नाही. कुठला वाजतोय ते न बघता ओळखायचं असेल तर मी एक करतो, डाळीला टायमर आणि भाताला अलार्म: "सकाळी पाच पस्तीसला अलार्म लाव." दोन्हींची धून वेगळी ठेवली की कान ओळखतो. हिशोब आपल्याला करावा लागतो, एवढाच त्रास.

तासगाव_द्राक्ष
एवढं कशाला ओ? आमच्या आईनं आयुष्यभर शिट्ट्या मोजल्या. चार झाल्या की बंद. डाळ कधी लागली नाही.

डबे_विश्रामबाग
दादा, मीही मोजत होतेच की. पण तीन शेगड्यांवर दोन कुकर असले आणि मधेच दूधवाला आला की तिसरी झाली की चौथी, ते राहतच नाही लक्षात. शिवाय पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक केला की पुढच्या शिट्ट्या होतच नाहीत, मग मोजायचं काय? तिथे मिनिटंच लागतात.

तासगाव_द्राक्ष
बारीक गॅसवर शिजवता होय. मग बरोबर आहे तुमचं. आम्ही मोठ्यावरच ठेवतो.

मिरज_जंक्शन
ताई, वाजणारा टायमर हात न लावता थांबतो का? माझ्याकडे "थांब" म्हटलं तर कधी थांबतो, कधी घंटेच्या आवाजात माझं बोलणंच त्याला ऐकू जात नाही.

डबे_विश्रामबाग
माझं अगदी तसंच. एक्झॉस्ट फॅन बंद असेल तर "हे गूगल, टायमर बंद कर" पहिल्यांदाच ऐकतो. फॅन चालू असला की तीनदा ओरडावं लागतं आणि लेक उठते. सध्या कोपराने पडदा दाबते. फोन फॅनपासून लांब, फ्रीजवर ठेवून बघणार आहे उद्या. कोणी ठेवला असेल तर सांगा, तिथून हाक ऐकू जाते का?