मदत हवी आहे: क्लिनिकच्या फोनवरचं रेकॉर्डिंग नीट ऐकू येत नाही

भांडुपची_वहिनी
आमचं छोटं क्लिनिक आहे. फोनवरचं स्वागत आणि होल्डवरचा संदेश मीच मोबाइलवर रेकॉर्ड केला. मोबाइलवर खणखणीत वाजतो, पण फोन लावला की पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. मागची बासरी तर मधेच गुरगुरते. सोमवारच्या आत बदलायचंय, लवकर सांगा.

वायरमन_दादर
सिस्टीम कोणती? फाइल कुठल्या प्रकारची? आणि नेमकं काय बोललात तेही टाका.

सुरेल
माइक बदला. मी कंडेन्सर माइक घेतला, जमीन-अस्मानाचा फरक पडला.

गोरेगावकर
कॉलर ट्यून कंपनीच्या ॲपमधून बदलता येते ना?

भांडुपची_वहिनी
कॉलर ट्यून नाही हो! इंटरनेटवर चालणारी सिस्टीम आहे, फाइल m4a. स्वागतातच ईसीजी, लसीकरण, रक्ततपासणी, ड्रेसिंग असं सगळं सांगितलंय, शेवटी 'रिसेप्शनसाठी एक दाबा'.

वायरमन_दादर
साधा फोन कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेतो. सुरेल, महाग माइकने टिपलेलं त्यावरचं सगळं कापलंच जातं. कॉलमध्ये आवाज दाबण्याची पद्धत बोलण्यासाठी बनवलेली असते, तिला बासरी झेपत नाही. शब्दांखालचं संगीत काढा. पंखा बंद करून, उघड्या कपड्यांच्या कपाटासमोर, मोबाइल तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका धरून पुन्हा बोला. मग ffmpeg या प्रोग्रामने फाइल फोनला चालेल अशी बदला:

```
ffmpeg -i swagat.m4a -ac 1 -ar 8000 -c:a pcm_s16le swagat.wav
```

ही फाइल चढवा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करून, होल्डवर राहून ऐका.

डॉ_मुलुंड
सेवांची यादी स्वागतातून काढा. आधी क्लिनिकचं नाव, लगेच 'छातीत दुखत असेल किंवा श्वास लागत असेल तर १०८ लावा', मग 'एक दाबा'. बस्स. सेवा होल्डवर सांगा, एका वेळी एकच, आणि ऐकणाऱ्याच्या उपयोगाचं: 'उपाशीपोटी साखर तपासायची असेल तर आदल्या रात्रीपासून किमान आठ तास काही खाऊ नका, पाणी चालेल.' मग थोडी शांतता, मग पुढची सेवा. 'भांडुपमधलं सर्वोत्तम' असलं काही नको. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करू देत नाहीत.

सुरेल
मग शांततेत जुनं हिंदी गाणं लावा, लोक कंटाळत नाहीत.

वायरमन_दादर
त्याला परवाना लागतो. शिवाय तेही गुरगुरेलच.

सुरेल
छोट्या क्लिनिकला कोण विचारतंय? आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे कधीपासून वाजतंय.

भांडुपची_वहिनी
गाणं नकोच. बासरी काढून रेकॉर्ड केलं, आता शब्द न् शब्द कळतोय. फक्त 'लसीकरण'मधला 'स' अजून बोथट येतो. आणि डॉक्टर, 'आमच्याकडे ईसीजी होतो' एवढं सांगणं जाहिरातीत धरतात का?

डॉ_मुलुंड
माझ्या मते ती माहिती झाली. पण आमच्याच ओळखीचे दोन डॉक्टर याच्या उलट सांगतात. मेडिकल कौन्सिललाच लेखी विचारा.